रात्री लावायचं मलम

सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या आमच्या चाळीत कॉम्प्युटरवर काम करणारा मी पहिलाच. वडील डाइंग मिलमध्ये, शेजारचे काका डाइंग मिलमध्ये, समोरच्या खोलीतले तिघे भाऊ लूमवर. मी मात्र रिंग रोडवरच्या एका मार्केटच्या चौथ्या मजल्यावर, एसी लावलेल्या खोलीत, खुर्चीत बसून काम करायचो. आईला त्याचं फार कौतुक होतं. नळावर पाणी भरताना ती बायकांना सांगायची, "मना आंडोर खुर्चीवर बसस." आमच्या खानदेशात आंडोर म्हणजे मुलगा. ती हे म्हणायला लागली की मी घाईने सायकल काढायचो.

साड्यांची डिझाइनं करतो, असं मी लोकांना सांगायचो. काम तसं नव्हतं. चित्रकाराने कागदावर रंगवलेलं डिझाइन कॉम्प्युटरवर घ्यायचं आणि त्यातला एकेक रंग सुटा करायचा. साडीत सहा रंग असतील तर सहा फिल्म निघायच्या, आणि एकेका फिल्मवरून छपाईची एकेक जाळी बनायची. पानाची एखादी रेघ चुकून फुलाच्या रंगात गेली तर थानच्या थान कापडावर ती तशीच छापून यायची. त्यामुळे नखाएवढं फूल पडदाभर मोठं करून त्याची कड न् कड तपासावी लागे. मशीन एकच, म्हणून ते दोन पाळ्यांत चाले. दिवसा एक जुना अनुभवी माणूस बसायचा, रात्री मी. दहा वाजता बसायचं, सकाळी आठला उठायचं. सोबत रात्रीचे इन्चार्ज असायचे, चाळिशीतले गुजराती गृहस्थ. आम्ही त्यांना नुसतं भाई म्हणायचो. ते शेजारच्या टेबलावर फिल्म तपासायचे आणि दर तासाला माझ्या मागे येऊन उभे राहायचे.

हे मी सांगतोय ते नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडचं. नोकरीला सात-आठ महिने झाले असतील. मध्यरात्री दीडच्या सुमारास भूक लागायची. खाली लारीवर, म्हणजे हातगाडीवर, ऑम्लेट-पाव मिळायचा, नाहीतर गरम मिरचीची भजी. तेच माझं मोठं जेवण. पहाटे चारला डोळे मिटायला लागले की बाथरूममध्ये जाऊन कपड्याच्या साबणाच्या वडीने तोंड खसाखसा धुवायचो. सकाळी तयार फिल्म पांडेसऱ्यातल्या डाइंग मिलच्या फाटकावर पोचवून घरी जायचं, हेही माझ्याकडेच होतं. घरी पोचायला साडेदहा वाजत. अकराला झोपलो की एक वाजता नळाला पाणी यायचं आणि चाळ जागी व्हायची. मीही जागा व्हायचो. पुन्हा संध्याकाळी पाचच्या सुमारास डुलकी लागायची ती सातपर्यंत. अशी दोन तुकड्यांतली झोप.

याच दिवसांत माझ्या तोंडावर फोड यायला लागले. वयात येताना येतात तसे बारीक नव्हेत. हनुवटीच्या कडेला आणि गालांवर मोठे, आतून ठणकणारे. भाईंनी पडद्यावर काळी काच लावून घेतली होती, कॉम्प्युटरच्या किरणांनी चेहरा काळा पडतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. मलाही तेच खरं वाटायला लागलं. वडील म्हणाले, "पुरुषमाणसानं आरशात किती बघावं!" पण आईच म्हणाली, दवाखान्यात जा.

एका सकाळी मी मिलला फिल्म देऊन परस्पर मोठ्या दवाखान्यात गेलो. कातडीच्या बाह्यरुग्ण विभागात रांग जिन्यापर्यंत आलेली. माझा नंबर आला तेव्हा एका तरुण डॉक्टरने माझी हनुवटी दोन बोटांनी वर केली, दोन्ही गाल पाहिले आणि लिहायला घेतलं. काय करतोस, किती दिवसांपासून आहे, एवढं विचारलं. मी म्हणालो, कॉम्प्युटरवर काम करतो. रात्री करतो हे मी सांगितलं नाही, त्याने विचारलं नाही. औषधाच्या दुकानातल्या माणसाने ट्यूब कागदात गुंडाळून दिली आणि हिंदीत म्हणाला, "रात को लगाना. मुँह धोके."

रात को. मी त्याच दिवशी रात्री साडेआठला दोन घास खाल्ले, तोंड धुतलं आणि कामाला निघायच्या आधी आरशासमोर उभा राहून मलम लावलं. लवकर बरं व्हायचं होतं म्हणून चांगला जाड थर दिला. तोंड ओलंच होतं. पहाटे चारला नेहमीसारखं साबणाने तोंड धुतलं आणि मग लक्षात आलं की मलम धुऊन गेलं. ट्यूब शर्टाच्या खिशात होती. पुन्हा लावलं. अजून रात्रच तर होती.

सकाळी तेच तोंड घेऊन मी सायकलवर बसलो. एप्रिल होता. रिंग रोडवरून उधन्याच्या रस्त्याने पांडेसऱ्याला जाताना ऊन सगळं डाव्या अंगावर यायचं. मिलच्या फाटकावर गेटपास मिळेपर्यंत अर्धा तास तरी उघड्यावर उभं राहावं लागे. तिथे झाड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तोंड ताणल्यासारखं वाटायला लागलं. हसलं की ओठांचे कोपरे फाटायचे. मला वाटलं, औषध काम करतंय. चौथ्या दिवशी कातडीचे पापुद्रे निघायला लागले आणि घाम आला की मीठ चोळल्यासारखी आग व्हायची. मी साबण जास्त लावला, मलमही जास्त लावलं. सहाव्या दिवशी डावा गाल लालभडक, त्यावर काळसर डाग, आणि मध्येमध्ये नवी कातडी फिकट, पांढुरकी दिसायला लागली. उजवा गाल बरा होता. त्याचंच भय जास्त वाटलं. औषध तर दोन्हीकडे सारखं लावलेलं. मग हा एकाच बाजूला काय रोग?

आईने त्या दिवशी मला दारातच थांबवलं. "आठे ये. तोंड दखाड." माझी हनुवटी धरून तिने तोंड उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ तो फिकट डाग पाहत राहिली. मग हात काढून घेतला. मी विचारलं, "काय झालं?" ती म्हणाली, "काही नही. जेवी ले." पण त्या दिवशी तिने माझं ताट वाढून ठेवलं आणि ती समोर बसली नाही.

त्या रात्री काम मोठं होतं. सहा रंगांची साडी, सकाळी मिलला फिल्म पोचायलाच हव्या होत्या. पिवळ्यावर फिकट पिवळी जाळीदार वेल होती. एरवी मी ती वेल गाणं गुणगुणत सोडवली असती. त्या रात्री कधीतरी मलमाचा हात डोळ्याला लागला असावा. पापण्या सुजल्या, डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. एसीच्या थंड हवेने तोंडाची कातडी कागदासारखी कडक झालेली. पडद्यावरची वेल मला दोन दिसायला लागली. मी रुमालाने डोळे पुसत होतो, पुन्हा रेघ धरत होतो, पुन्हा सुटत होती.

तीनच्या सुमारास भाई मागे येऊन उभे राहिले. "किती रंग झाले?"

"चार," मी पडद्याकडे बघतच म्हणालो.

"अजून चारच? इकडे बघ."

मी वळलो. वर ट्यूबलाइट होती. त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि ते एक पाऊल मागे सरले. त्यांचा हात नकळत नाकाकडे गेला. सुरतेत तेव्हा प्रत्येकाच्या मनात रोगाची धास्ती होती. तीन-चार वर्षांपूर्वीच प्लेगच्या साथीच्या भीतीने अर्धं शहर रातोरात रिकामं झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. भाईंची बायको-मुलं तेव्हा महिनाभर सौराष्ट्रात जाऊन राहिली होती, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

"हे काय आहे?"

"फोड आलेत. औषध लावतोय."

"हे फोडांचं नाही. माउस सोड. कीबोर्डला हात लावू नको."

"भाई, दोनच रंग राहिलेत."

"ऊठ म्हणतो ना!"

मी उठलो. त्यांनी फिल्म पुसायच्या स्पिरिटमध्ये कपडा बुडवला आणि माझ्यासमोर कीबोर्ड पुसला, माउस पुसला, खुर्चीचे हात पुसले. मग स्वतः बसले. मला म्हणाले, बाहेर बस. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं. मी जिन्याच्या पायरीवर सकाळपर्यंत बसून राहिलो. आतून माउसची टिकटिक ऐकू येत होती. उजाडल्यावर ते दारात आले आणि लांबूनच म्हणाले, "डॉक्टरची चिठ्ठी आण. चेपी नाही, दुसऱ्याला लागणारं नाही, असं लिहून आण. तीन दिवस वाट बघतो. त्यापुढे शेठ दुसरा माणूस बसवतील. माझ्या हातात नाही."

घरी आलो तर वडील मिलमधून नुकतेच येऊन चहा घेत होते. त्यांचीही रात्रपाळी होती त्या आठवड्यात. मी सगळं सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला. "सांगितलं होतं ना, तोंडाला काही फासू नको म्हणून? मी इतकी वर्षं सोड्यात आणि रंगात हात घालतोय, कधी दवाखाना केला का? खुर्चीची नोकरी मिळाली आणि तुला मलमं सुचली!" आई म्हणाली, "राहू द्या." ते उरलेला चहा पिऊन उठले. भिंतीकडे तोंड करून झोपले.

मीही जमिनीवर अंग टाकलं. झोप लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागली.

गालात काहीतरी टोचलं म्हणून ओरडून उठलो. आई माझ्याजवळ उकिडवी बसली होती. तिच्या हातात साडीला लावायची सेफ्टी पिन होती, उघडी. गालावर रक्ताचा एक थेंब आला होता.

"आई! काय करतेस?"

"लागनं ना?" ती म्हणाली. "तुले लागनं ना? खरं सांग."

"लागलं म्हणजे काय, टोचलंस तू!"

"फिका डाग शे ना, तठेच टोचनं मी. तठेच लागनं ना?"

मग तिने पिन बंद केली आणि पदरात तोंड घालून रडायला लागली. आवाज न करता, वडील उठू नयेत म्हणून. तिच्या माहेरच्या गावात एक माणूस होता. त्याच्या अंगावर असाच फिकट डाग उठला होता, आणि त्याला तिथे चटका बसला तरी कळायचं नाही. पुढे त्याची बोटं गेली आणि गावाने त्याला बांधाजवळच्या झोपडीत ठेवलं. लहानपणी ती त्याला भाकरी नेऊन द्यायची, दगडावर ठेवून लांब उभी राहायची. हे सगळं तिने मला त्या दुपारी पहिल्यांदा सांगितलं. आदल्या दिवसापासून ती ते एकटीच मनात घेऊन फिरत होती. मला जाग असताना टोचलं तर मी खोटं सांगेन असं तिला वाटलं, म्हणून ती झोपेची वाट बघत बसली होती.

मला तिचा राग आला होता. तो कुठे गेला कळलं नाही. मी म्हणालो, "उद्या तूच चल माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं सकाळी सातला रांगेत उभे राहिलो. या वेळी तपासायला वयस्कर डॉक्टरीणबाई होत्या. केस पांढरे, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्यांनी आधी मला नाही, आईला बसायला सांगितलं. मग माझं तोंड खिडकीकडे वळवून पाहिलं. डाव्या गालावरचा फिकट डाग त्यांनी कापसाच्या टोकाने हलकेच स्पर्श करून तपासला. डोळे मिटायला लावले, कळतंय का विचारलं. कळत होतं. आईकडे बघून त्या म्हणाल्या, "तुम्ही ज्याला घाबरलात ते हे नाही. कातडी सोलली आहे म्हणून नवी फिकट दिसते आहे." आईने काही विचारलंही नव्हतं.

मी ट्यूब दाखवली. त्यांनी चिठ्ठी पाहिली. औषध बरोबर होतं, म्हणाल्या. मग चष्मा लावून मला गुजरातीत विचारलं, "आ क्यारे लगाडे छे?" हे कधी लावतोस?

"रात्री."

"किती वाजता?"

"साडेआठला. मग पहाटे चारला परत."

त्यांनी चष्मा पुन्हा काढला. "पहाटे चारला जागा कशाला असतोस?"

मग मी सांगितलं. रात्रपाळी, पहाटेचा साबण, सकाळची सायकल, फाटकावरचं उभं राहणं. त्या ऐकत गेल्या आणि मध्येच म्हणाल्या, "घरी जाताना ऊन कुठल्या बाजूला येतं?" मी नकळत डाव्या गालाला हात लावला. त्यांनी मान हलवली. मागे रांग वाढत होती, शिपाई दारातून डोकावत होता, पण त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि म्हणाल्या, "आता मला एक सांग. तारी रात केटला वागे?"

तुझी रात्र किती वाजता. आईच म्हणाली, "अकराला झोपतो बाई. सकाळी अकराला."

"मग तीच याची रात्र. चिठ्ठीवर रात्री लिहिलं ते घड्याळासाठी नाही, झोपेसाठी. हे औषध लावलं की कातडी उन्हाला नाजूक होते. लावून झोपायचं, उठल्यावर धुवायचं, मग उजेडात जायचं. तू लावून उन्हात गेलास. आणि तेही दोनदा, ओल्या तोंडावर, जाड थर देऊन. त्यात कपड्याचा साबण. कातडी भाजली, दुसरं काही नाही."

मग त्यांनी त्या कागदावर माझा उलटा दिवस लिहून काढला. पहिले दोन आठवडे मलम पूर्ण बंद. फक्त सौम्य साबण आणि साधं क्रीम. कातडी शांत झाली की एक दिवसाआड सुरू करायचं. सकाळी घरी आल्यावर तोंड धुवायचं, अर्धा तास कोरडं होऊ द्यायचं, तेवढ्यात थोडं खाऊन घ्यायचं, मग वाटाण्याएवढं मलम सगळ्या तोंडाला मिळून, डोळे आणि ओठांचे कोपरे सोडून. खिडकी झाकून झोपायचं. मी विचारलं, "पण माझी झोप एकला मोडते. पाचला परत लागते. मग दोनदा लावू का?"

"दोनदा नाही. ज्या वेळची झोप मोठी, त्याच्या आधी एकदा. मध्येच उठून उन्हात जायचं झालं तर धुऊन टाक. संध्याकाळी उठल्यावर तोंड धू, साधं क्रीम लाव आणि कामाला जा. रात्री झोप उडवायला गार पाणी मार, साबण नको. आणि सकाळी निघायच्या वीस मिनिटं आधी उन्हाचं लोशन लाव. टोपी घाल."

मी किरणांचं विचारलं. त्या पहिल्यांदाच हसल्या. "कॉम्प्युटरने तोंड भाजत नाही रे. एसीची हवा कातडी कोरडी करते, आणि टक लावून बघताना तू पापणी हलवायला विसरतोस म्हणून डोळे चुरचुरतात. मध्येमध्ये लांब बघ." भज्यांबद्दल मात्र त्यांनी छातीठोक काही सांगितलं नाही. तळलेल्याने फोड येतात असं सगळे म्हणतात, त्यांना स्वतःला तशी खात्री नव्हती. पण मोठं जेवण कामाला निघायच्या आधी घरी कर आणि रात्री हलकं खा, म्हणजे सकाळी पोट जड होऊन झोप मोडणार नाही, असं म्हणाल्या. "अर्धवट झोपेने फोडही लवकर शमत नाहीत. झोप आधी सांभाळ, मलम नंतर."

शेवटी दवाखान्याच्या कागदावर त्यांनी चिठ्ठी लिहिली, की हा आजार चेपी नाही, कामावर घ्यायला हरकत नाही. जुन्या चिठ्ठीवरच्या "रात्री" या शब्दावर काट मारून वर लिहिलं, "सूतां पहेलां". झोपायच्या आधी.

चिठ्ठी घेऊन मी त्याच रात्री गेलो. भाईंनी ती उभ्यानेच दोनदा वाचली. सहीखालचा शिक्का बोटाने घासून पाहिला. मी दारात उभा होतो. खुर्चीत एक नवा मुलगा बसला होता, दिवसपाळीच्या माणसाचा कुणी नातलग, आणि तो पटापट माउस फिरवत होता. मला वाटलं, गेलं. भाईंनी चिठ्ठी घडी घालून ड्रॉवरमध्ये ठेवली आणि त्या मुलाच्या मागे जाऊन पडद्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "ही पानाची कड कुठल्या रंगात टाकलीस?" मुलाने सांगितलं ते चूक होतं. भाई माझ्याकडे न बघता म्हणाले, "तोंड बरं झालं नाही तरी चालेल, डोळे ठीक आहेत ना?"

"हो."

"बस मग. पण दोन आठवडे तुझा माउस वेगळा." त्यांनी कपाटातून जुना माउस काढून दिला. चिठ्ठीवर त्यांचा विश्वास होता, भीती मात्र अजून गेली नव्हती. मी तो माउस घेतला.

अवघड होतं ते घरचं. एका खोलीत मी, आई, वडील. खिडकी पूर्वेला, आणि तिला दार नव्हतं, नुसते गज. वडिलांना दिवसपाळी असली की दुपारी खोली माझी. रात्रपाळी असली की आम्ही दोघं शेजारी झोपायचो, आणि त्यांना उजेडात झोपायची सवय होती. आईने मिलमधून आलेला काळा नापास कपडा गजांना बांधला तेव्हा वडील म्हणाले, "कोंडून मारायचंय का सगळ्यांना? पंख्याला वारा कुठून यायचा?" आईने कपडा सोडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बांधला. तिसऱ्या दिवशी तिने तो वरून बांधला आणि खालून वीतभर मोकळा सोडला, म्हणजे वारा येईल आणि ऊन जमिनीवर पडेल, माझ्या तोंडावर नाही. त्या दिवशी वडील कूस वळवून झोपले.

एक वाजताच्या पाण्याचं मात्र काही करता येईना. चाळीतल्या बायका भांडीच आपटायच्या. आईने दोघी-तिघींना सांगून पाहिलं. एकीने तोंडावरच विचारलं, "तुझा मुलगा काय कलेक्टर लागून गेलाय?" मग आई साडेबारालाच जाऊन आमच्या दाराबाहेर हंडे लावायची आणि त्यांच्यामध्ये पोती घालायची. आवाज थोडा कमी व्हायचा. कधी मी दोनपर्यंत झोपायचो. एकदा अडीचपर्यंत झोपलो तर तिने मला हलवून जागं केलं, जिवंत आहे ना बघायला.

मलम पुन्हा सुरू केल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत फोड उलट वाढले. मी हाय खाल्ली. बाईंनी आधीच सांगितलं होतं की असं होतं, सोडू नको. तरीही दोनदा ट्यूब मोरीत फेकायला निघालो होतो. सकाळी मार्केटच्या बाथरूममध्ये ते पांढरं लोशन फासून बाहेर पडलो की लिफ्टवाला हसायचा. टोपीने डोकं भिजून जायचं. पावसाळा लागला तेव्हा कुठे नवे फोड यायचे थांबले. दिवाळीपर्यंत तोंड माझं वाटायला लागलं. डाव्या गालावर चार खड्डे राहिले, ते अजून आहेत.

त्याच दिवाळीच्या सुमारास, वडिलांची रात्रपाळी होती तेव्हाची एक सकाळ. मी तोंड धुऊन अर्धा तास संपायची वाट बघत बसलो होतो. वडील मोरीतून हात धुऊन आले आणि माझ्यासमोर बसले. त्यांच्या तळव्यांना भेगा होत्या, इतक्या जुन्या की त्यांत निळा रंग कायमचा बसला होता. थंडीत त्यांतून रक्त यायचं. मी तो हात जन्मभर पाहिला होता, पण तो दुखत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. ते हात उलटसुलट करून बघत म्हणाले, "याला काही असतं का?"

"व्हॅसलीन लावा," मी म्हणालो. "आणि मिलमध्ये हातमोजे मागा."

"हातमोज्यात कापड धरता येत नाही." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "लावायचं कधी? माझी पाळी तर दर आठवड्याला बदलते."

"पाळी बदलली तरी झोपता ना? हात धुतले की ओलसर असतानाच लावा, झोपायच्या आधी. मग जी काही वेळ असेल ती."

त्यांनी मान डोलावली. आईने डबी आणून दिली. त्यांनी बोटभर व्हॅसलीन घेऊन दोन्ही हातांना चोळलं, आणि मग त्या चकचकीत हातांचं काय करावं हे न कळून ते गुडघ्यांवर उताणे ठेवून बसून राहिले. चादर खराब होईल म्हणून त्यांनी अंगावर पांघरूण घ्यायलाही आईला बोलावलं. आठ-दहा दिवस त्यांनी नेमाने लावलं. मग सोडून दिलं. हात निसरडे होतात, विडी धरता येत नाही, म्हणाले.